बॅटरी बदलण्याआधीच पाच तारे दिले

इंदूरच्या एका इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानाखाली जवळजवळ महिनाभर माझ्या नावाने पाच तारे झळकत होते. सोबत मजकूर होता, ‘मालक बहुत अच्छे हैं, तुरंत समाधान किया.’ हे लिहिलं तेव्हा समाधान झालेलं नव्हतं. खराब बॅटरी माझ्याच जिन्याखाली पडून होती.

मी लोकमान्य नगरात राहते, संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या मेंटेनन्ससाठी लाइट जायला लागली, म्हणून 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी घेतली. जुनी दिली आणि वर 11,800 रुपये मोजले. दुकानदाराने एस्टिमेटच्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली आणि ‘पक्का बिल कल भिजवा दूँगा’ म्हणाला. मी मान डोलावली. पहिली चूक ती.

पहिल्यांदा लाइट बराच वेळ गेली तेव्हा दोन पंखे, चार एलईडी आणि वायफाय एवढ्या लोडवर बॅटरीने 1 तास 10 मिनिटांत मान टाकली. लोड दोनशे वॅटच्या आसपास. बारा व्होल्ट गुणिले 150 म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. वाया जाणारी वीज सगळी धरली तरी पाच तास सहज निघायला हवेत. मी दुकानात दोनदा फोन केला, ‘लडका भेजता हूँ’ एवढंच ऐकलं आणि रात्री अकरा वाजता रागाच्या भरात गूगल मॅप्सवर लिहिलं: ‘एक नंबरचे चोर. सगळा माल बनावट. कोणीही जाऊ नका.’ एक तारा.

आता वाचते तेव्हा कळतं की त्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. कुठली बॅटरी, कधी घेतली, झालं काय, काहीच नाही. ‘सगळा माल’ मी पाहिलेलाच नव्हता. माझा दीर वकील आहे. तो म्हणाला, ‘वहिनी, लोकहितासाठी सांगितलेलं सत्य बदनामीत मोडत नाही, पण खरंखोटं करायची वेळ आली तर चोर हा शब्द तुम्ही सिद्ध कशाने करणार? बॅटरी किती चालली ते लिहा, ते तुमच्या हातात आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन. आवाज मधाळ. ‘अरे मैडम, घर की बात है. आप वो रिव्यू ठीक कर दो, कल गाड़ी भेजकर नई रखवा देता हूँ.’ मला वाटलं, माणूस मऊ आलाय, आपणही मऊ यावं. प्रोफाइलमध्ये जाऊन रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं, Edit review निवडलं, जुना मजकूर पुसला आणि ते पाच तारे टाकले.

फसले ती इथे. रिव्ह्यू बदलला की नवा मजकूर जुन्याची जागा घेतो. वाचणाऱ्याला आधीचं काही दिसत नाही आणि तारीखही बदलाची दिसते. मी स्क्रीनशॉटसुद्धा काढलेला नव्हता. तक्रारीचा एकमेव लेखी पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसला आणि त्याच क्षणी दुकानदाराची गरज संपली. ‘स्टॉक नहीं है’, ‘गोडाउन बंद है’, ‘लड़का गाँव गया है’ यात तीन आठवडे गेले.

खरी लाज पुढे वाटली. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. ‘अगं, तू एवढं छान लिहिलंस त्या दुकानाबद्दल, म्हणून आम्हीही कालच तिथूनच बॅटरी आणली.’

मग मात्र मी शांतपणे कामाला लागले. आमच्या भागातला एक जुना मिस्त्री हायड्रोमीटर घेऊन आला. बॅटरी रात्रभर चार्ज करून ठेवली होती. सहा झाकणं उघडून त्याने एकेका सेलमधलं ॲसिड ओढून पाहिलं. पूर्ण चार्ज झालेल्या नव्या ट्युब्युलरमध्ये ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, साधारण 1.240 यायला हवी. हे लोक ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. पाच सेल बाराशे दहाच्या आसपास होते आणि सहावा अकराशे वीसवर अडकलेला. टर्मिनलवर क्लॅम्प आवळल्याचे जुने ओरखडे होते, ते त्यानेच दाखवले. मग बॅटरीवरचा सीरियल नंबर कंपनीच्या हेल्पलाइनला सांगितला. त्या नंबरची वॉरंटी चौदा महिन्यांपूर्वीच कुणाच्या तरी नावावर चढलेली होती.

तेव्हा नवा रिव्ह्यू लिहिला. एक तारा, मजकूर असा:

‘3 मे रोजी 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी नवी म्हणून घेतली. जुनी देऊन 11,800 रुपये दिले. पक्कं बिल मागूनही मिळालं नाही. सुमारे 200 वॅट लोडवर 1 तास 10 मिनिटं चालली. एका सेलची ग्रॅव्हिटी 1.120. कंपनीच्या हेल्पलाइनने सांगितलं की या सीरियल नंबरची वॉरंटी चौदा महिन्यांपूर्वी नोंदलेली आहे. बदलून देतो असं सांगितल्यावर मी मध्यंतरी पाच तारे दिले होते. ते चुकीचं होतं, बॅटरी तेव्हा बदललेली नव्हती.’

शेवटचं वाक्य लिहायला जड गेलं, पण त्याशिवाय बाकीचं खरं कोणी का मानावं? चिठ्ठी, सीरियल नंबर आणि हायड्रोमीटरचे फोटो जोडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 वर, तक्रारही नोंदवली.

सहाव्या दिवशी गाडी आली. नवी बॅटरी, सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. मालक म्हणाला, कुणाची तरी परत आलेली बॅटरी गोडाउनमध्ये नव्या मालात मिसळली. असेलही. आणि मग हळूच, ‘अब पाँच स्टार कर दो, दो साल सर्विसिंग फ्री.’ मी नको म्हटलं. काही देऊ करून रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला लावणं गूगलच्या नियमांतही बसत नाही. पण खरं सांगायचं तर मला नियमापेक्षा जिन्यातल्या काकू आठवल्या.

या वेळी घाई केली नाही. दहा दिवस बॅटरी वापरली, एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून त्याच लोडवर वेळ मोजला. 5 तास 20 मिनिटं. मगच Edit review उघडलं. जुन्या मजकुराला हात न लावता त्याखाली लिहिलं:

‘अपडेट, 22 जून: दुकानाने बॅटरी विनामूल्य बदलून दिली, पक्कं बिल दिलं. नव्या सीरियल नंबरची वॉरंटी माझ्या नावावर नोंदल्याची खात्री केली. त्याच लोडवर 5 तास 20 मिनिटं चालली. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे जुनी बॅटरी गोडाउनमधल्या चुकीने आली. पहिल्या तक्रारीपासून बदल होईपर्यंत पाच आठवडे गेले.’

तारे तीन केले. एकावर ठेवणं अन्याय झाला असता, कारण माणसाने अखेर चूक निस्तरली. पाच म्हणजे ते पाच आठवडे झालेच नाहीत असं म्हणणं.

एक गोची राहिली. माझ्या एका ताऱ्याखाली मालकाने ‘ग्राहक खोटं बोलतात’ असं उत्तर दिलं होतं, ते अपडेटनंतरही तसंच लटकत राहिलं. ते त्याचं त्यालाच बदलावं लागतं. मी फोन करून सांगितल्यावर त्याने दोन दिवसांनी बदललं.

काकूंच्या बॅटरीचा सीरियल नंबर आम्ही दोघींनी टॉर्च धरून वाचला आणि हेल्पलाइनला विचारला. बॅटरी कोरी निघाली. काकूंनी त्यांचा आयुष्यातला पहिला रिव्ह्यू लिहिला, चार तारे: ‘बॅटरी चांगली आहे. पक्कं बिल तीनदा मागावं लागलं.’