ठरलेली घटका की संपत जाणारी हवा: थरारकथेतील दोन घड्याळांची तुलना

थरारकथेत मुदत घालायची हे ठरल्यानंतर लेखकापुढे दोन मार्ग असतात. पहिल्यात घड्याळ पात्रांच्या बाहेर असते: अमुक दिवशी अमुक वाजता जहाज सुटेल, फाशी होईल, साक्षीदार देशाबाहेर जाईल. दुसऱ्यात घड्याळ म्हणजे संपत जाणारा साठा असतो, म्हणजे हवा, रक्त, इंधन किंवा औषध. दोन्हींमुळे घाई निर्माण होते, पण पात्रांना मूर्ख करण्याचा मोह लेखकाला दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या जागी पडतो. म्हणून निवड करताना कोणते घड्याळ अधिक थरारक आहे यापेक्षा, कोणत्या घड्याळात आपली पात्रे शहाणी राहू शकतील, हे पाहावे असे मला वाटते. एकच कथानक दोन्ही प्रकारे मांडून पाहिले की हा फरक नेमका कळतो.

बँकेवर शनिवारी संध्याकाळी दरोडा पडतो आणि दरोडेखोर जाताना रोखपाल व पहारेकरी या दोघांना स्ट्राँगरूममध्ये कोंडून सहा वाजता दार लावून घेतात, असे धरू. दाराला टाइम लॉक आहे आणि ते सोमवारी सकाळी आठला उघडेल असे लावलेले आहे. अशी कुलपे 1870 च्या दशकापासून वापरात आहेत. अधिकाऱ्याला घरून धरून आणले आणि त्याच्याकडून किल्ल्या व आकडे वदवून घेतले, तरी ठरल्या वेळेआधी दार उघडू नये, हाच त्यांचा हेतू असतो. लेखकासाठी ही मोलाची गोष्ट आहे, कारण ‘शाखाधिकाऱ्याला बोलावून दार का उघडत नाहीत?’ या वाचकाच्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर कुणाच्याही मूर्खपणाशिवाय मिळते.

आता पहिले घड्याळ लावू. खोलीत हवा येण्याची सोय आहे, त्यामुळे आतल्या दोघांच्या जिवाला धोका नाही, पण लुटलेली कागदपत्रे रविवारी रात्री अकराला बोटीने बाहेर जाणार आहेत. रविवारी संध्याकाळी पाचला तपास अधिकारी बाईंना ही वेळ कळते. हातात सहा तास उरतात. येथे बहुतेक हस्तलिखिते घसरतात. सहा तास भरायचे म्हणून बाई वरिष्ठांना काही सांगत नाहीत, एकट्याच गोदामात शिरतात, नाहीतर सहकाऱ्याशी नको त्या क्षणी भांडत बसतात. वाचक मुदत विसरतो आणि बाईंवर चिडू लागतो.

यावरचा उपाय असा, की शहाण्या माणसाने जे जे केले असते ते सारे बाईंना करू द्यावे आणि तरीही कामांची बेरीज मुदतीपेक्षा किंचित जास्त ठेवावी. संशयित गोदामे नऊ आहेत, झडतीची पथके दोन आहेत आणि जाण्यायेण्यासह एका झडतीला दीड तास लागतो. सहा तासांत प्रत्येक पथकाच्या चार, म्हणजे एकूण आठ झडत्या होतात. एक गोदाम सोडावेच लागते. आता सारा ताण कोणते गोदाम सोडायचे या एका निर्णयावर येतो, आणि तो निर्णय बाई जितक्या हुशारीने घेतील तितका तो वाढतो. येथे प्रमाण महत्त्वाचे आहे. गोदामे वीस केली तर निर्णय म्हणजे नशिबाचा खेळ होतो आणि सात केली तर मुदतच उरत नाही.

दुसऱ्या घड्याळात स्ट्राँगरूम जुनी आहे, तिला वायुवीजन नाही, आणि हे दार बंद होण्याच्या आधीच्या प्रसंगात सहज सांगून झालेले आहे. कपाटे वगळून आत 16 घनमीटर, म्हणजे 16,000 लिटर हवा आहे. बंद खोलीत माणसाला प्राणवायूच्या तुटवड्याआधी साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड त्रास देतो, ही गोष्ट अनेक लेखक विसरतात. शांत बसलेला माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे दोघांचा मिळून 36 लिटर. हवेतील त्याचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास गेले की जोराची धाप लागते, डोके ठणकते आणि विचार गढूळ होऊ लागतो. येथे 5 टक्के म्हणजे 800 लिटर, आणि ते सुमारे 22 तासांत, रविवारी दुपारी चारच्या सुमारास साठतात. दार उघडायला मात्र एकूण 38 तास आहेत.

म्हणजे नुसते बसून राहणे हा पर्याय उरत नाही. भिंतीत केबलची नळी गेलेली आहे, तिच्याभोवतीचा गिलावा फोडला तर बाहेरची हवा येऊ शकेल. पण कष्टाचे काम करणारा माणूस तिप्पट तरी वायू सोडतो. एकाने फोडायचे आणि दुसऱ्याने बसायचे ठरवले तर तासाला 54 आणि 18, मिळून 72 लिटर होतात, म्हणजे कामाचा एक तास विश्रांतीच्या दोन तासांएवढा महाग पडतो. पाच तास काम केले की दुपारी चारची मर्यादा सकाळी अकरावर येते. हाच या घड्याळाचा खरा गुण आहे: सुटकेसाठी केलेली योग्य कृतीच मुदत खाते. रोखपाल हिशेब करणारा माणूस आहे, तो हे गणित पहिल्याच तासात मांडतो, आणि कथा त्याच्या शहाणपणामुळेच घट्ट होत जाते.

या घड्याळाचे दोष वेगळे आहेत. लेखकाला हिशेबाची वही ठेवावी लागते, कारण तिसऱ्या प्रकरणात दोन तास उरले होते आणि पाचव्यात अजून तीन आहेत, असे एकदा झाले की वाचकाचा विश्वास परत येत नाही. शिवाय वायूमुळे बुद्धी मंदावते, या खऱ्या गोष्टीचा गैरवापर फार सोपा आहे. चूक घडवायचीच असेल तर आधी रोखपालाला साध्या बेरजेसाठी दोनदा थांबलेले दाखवा आणि पहारेकऱ्याच्या ते लक्षात येऊ द्या. मग पुढची चूक लेखकाची सोय न वाटता शरीराचा परिणाम वाटते. आकडेही पात्रांच्या तोंडून एकदाच यावेत, पुढे धाप आणि डोकेदुखीनेच वेळ सांगावी. पहिल्या प्रकारात मात्र प्रकरणाच्या शीर्षस्थानी वेळ छापणे उपयोगाचे ठरते, कारण तेथे वाचकाला अनेक ठिकाणांची सांगड घालायची असते.

खलनायक मधेच फोन करून मुदत अलीकडे आणतो, हा तिसरा मार्गही सर्रास दिसतो. तो मी सुचवणार नाही. मुदत कुणाच्या लहरीवर असली की ती पुढेही ढकलता येईल असे वाचकाला वाटते, आणि पात्रांनी केलेले नियोजनही वाया जाते.

कथानक अनेक ठिकाणी, अनेक माणसांत फिरणारे असेल तर ठरलेली घटका घ्यावी, कारण साठ्याचे घड्याळ त्या खोलीबाहेरच्या माणसांना जाणवत नाही. दोन-तीन पात्रे एका जागी अडकली असतील तर साठा निवडावा. दोन्ही एकत्र वापरायची इच्छा होईल, पण तेव्हा एकाचा निर्णय दुसऱ्याला महाग पडला पाहिजे: दाराला भोक पाडून ते उघडणारा कारागीर शहरात एकच आहे, त्याच्याशिवाय एका संशयित गोदामाची तिजोरीही उघडत नाही, आणि त्याला कोठे पाठवायचे हे बाईंना संध्याकाळी पाचला ठरवायचे आहे. तोपर्यंत आत चार वाजून गेलेले असतात.