एल्थोरा की धुरोली? काल्पनिक नगरीचं नाव ठरवताना

अद्भुतरम्य कादंबरी लिहायला बसलं की नावांचे दोन रस्ते समोर असतात. एक, कुठल्याच भाषेत नसलेली, केवळ नादावर घडवलेली नावं: एल्थोरा, व्हारेन, ओरिन. दुसरा, मराठी मुळं आणि मराठी गावांच्या शेपट्या घेऊन केलेली नवी नावं: धुरोली, सातवेढे. माझ्या हस्तलिखिताचा पहिला खर्डा मी पहिल्या रस्त्याने लिहिला आणि दुसरा खर्डा दुसऱ्या. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी हा अनुभव.

नादावर घडवलेल्या नावांची बाजू आधी, कारण ती कमकुवत नाही. अशा नावाला मागचं काही चिकटलेलं नसतं. मराठी नाव दिलं की वाचक नकळत त्या माणसाचा प्रदेश, जात, काळ ठरवून टाकतो. ‘विसाजी’ म्हटलं की पगडी दिसायला लागते, मग तो विसाजी हवेतून चालू शकतो हे पटवायला मला चार पानं जास्त खर्चावी लागतात. ‘व्हारेन’ला ती अडचण नाही. शिवाय परकं जग परकं वाटायला हवं असेल, तर पहिल्याच ओळीत ते काम नाव करून टाकतं.

पण वाचकाच्या लक्षात राहण्याचा प्रश्न आला की माझं मत हळूहळू बदललं, आणि ते बदलायला कारण झाली विभक्ती.

मराठीत नाव वाक्यात शिरताना रूप बदलतं, आणि गावाचं नाव तर पानोपानी बदलतं, कारण गोष्टीत माणसं सतत कुठेतरी जात-येत असतात. शेवटी ‘आ’ असलेली तीन नावं घ्या. गोव्यात, अमेरिकेत, कॅनडात. शेवट तोच, पण तिघांची तऱ्हा वेगळी. आपण चुकत नाही, कारण ही रूपं आपण लहानपणापासून ऐकलेली आहेत. आता सांगा, एल्थोरा या नगरीत काय घडलं: एल्थोऱ्यात, एल्थोरेत की एल्थोरात? कुणीच ते पूर्वी ऐकलेलं नाही. माझ्या खर्ड्यात तिन्ही रूपं होती आणि मला ती दिसलीही नव्हती, कारण लेखकाला मूळ नाव पाठच असतं.

ती दिसली माझ्या बहिणीमुळे. ती कळव्याला राहते, भरपूर वाचते. पहिली पाच प्रकरणं तिला दिली आणि आठ दिवसांनी म्हटलं, गोष्ट सांग. तिने सांगितली, पण तिच्या गोष्टीत दोन नगऱ्या होत्या: एक एल्थोरा आणि दुसरी एल्थोरे. त्या दोघींत पुढे लढाई होणार असं धरून ती वाचत होती. ‘एल्थोऱ्यात’ वाचल्यावर तिने मूळ नाव उलटं शोधलं, अगदी रास्तपणे, ‘ठाण्यात’वरून ‘ठाणे’ शोधतो तसं. इंग्रजीत ही दुसरी नगरी जन्मलीच नसती, कारण तिथे नावाला हात लागत नाही. शिवाय तिथे पहिलं अक्षर मोठं असतं, त्यामुळे हे नाव आहे एवढं तरी डोळ्याला आधीच कळतं. देवनागरीत ती खूण नाही. अनोळखी विशेषनाम आणि अनोळखी साधा शब्द सारखेच दिसतात.

त्यानंतर मी रोजच्या ठाणे–वाशी लोकलमध्ये फलक वाचायला लागलो. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. ऐरोलीत, घणसोलीत: ‘ई’ने संपणारं नाव जसंच्या तसं राहतं. रबाळ्यात, तुर्भ्यात: बदलतं, पण साचा ओळखीचा असल्याने वाचक परत मूळ नावावर बरोबर पोचतो. कधीही न ऐकलेल्या नावालाही मराठी शेपूट असली की त्याचं सामान्यरूप वाचकाला आधीच येत असतं. एल्थोराची धुरोली झाली ती तिथेच, गाडीत. चुनाभट्ट्यांचा धूर असलेली नगरी म्हणून धुरोली. धुरोलीत, धुरोलीहून, धुरोलीच्या. वर अनपेक्षित लाभ असा की माणसं आपोआप धुरोलीकर झाली, आणि नदीपलीकडच्या धाकट्या वस्तीला ‘धुरोली खुर्द’ म्हटलं की दोन्हींचं नातं वेगळं सांगायची गरज उरली नाही.

अर्थ असलेलं नाव जास्त टिकतं यामागे अभ्यासही आहे. १९८७ साली मॅकवीनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. काही शब्द मुद्दाम असे निवडले की ते दोन्ही असू शकतील, म्हणजे आपल्याकडे ‘सुतार’ असतं तसे. तोच शब्द व्यवसाय म्हणून ऐकला की आठवायचा, आडनाव म्हणून ऐकला की निसटायचा. व्यवसायाला रंधा, भुसा, लाकडाचा वास असं काही चिकटतं, नुसत्या आडनावाला काही नाही. एल्थोराला चिकटायला काही नव्हतं. धुरोलीला धूर आहे.

माणसांच्या नावांत मात्र मी इतका ठाम नाही. आजकाल आपण ‘रोहनला’, ‘रियाला’ असं सरळ प्रत्यय लावून मोकळे होतो, त्यामुळे व्हारेनला, व्हारेनचा असं लिहिताना रूप मोडत नाही. इथे दुसरीच गोष्ट नडते. ‘ओरिनने दार उघडलं, दिवा लावला, पत्र वाचलं.’ सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचं लिंग कळतच नाही. ओरिन बाई आहे हे मला माहीत होतं, पण बहिणीने दोन पानं दाढीवाला माणूस पाहिला आणि मग ‘ती उठली’ आलं. असं नाव ठेवायचंच असेल, तर त्या पात्राच्या पहिल्या दोन वाक्यांत ‘आली’, ‘बसली’, ‘हसली’ असं एखादं अकर्मक क्रियापद घालावं. तेवढ्याने भागतं.

वाचकाला नाव बसलेलं नाही हे ओळखायची एक सोपी खूण सापडली. गोष्ट परत सांगताना तो नाव टाळतो. ‘ती तळ्याकाठची नगरी’, ‘तो जळका हात असलेला’. वर्णन लक्षात आहे, नाव नाही. अशी टाळलेली नावं मी वहीत लिहून घेतली. एकूण अकरा निघाली, त्यातली आठ नादावर घडवलेली होती. तिघा वाचकांवरून नियम ठरत नाही हे मान्य, तुमचे वाचक वेगळे असू शकतील.

आता हस्तलिखितात नादावरची नावं तीनच उरली आहेत, तीही डोंगरापलीकडच्या लोकांची. त्यांची भाषा धुरोलीकरांना कळत नाही, तेव्हा ती नावं परकी वाटणं तिथे हवंच आहे. तिघांची पहिली अक्षरं वेगळी ठेवली, कुठलंही नाव तीन अक्षरांपुढे नेलं नाही, आणि त्यांच्या गावाला ‘आ’ने संपणारं नाव दिलं नाही. कुठलंही नाव पक्कं करण्याआधी ते -त, -ला, -हून, -च्या, -कर लावून कागदावर लिहितो आणि बहिणीला फक्त ती रूपं दाखवून मूळ नाव विचारतो. गेल्या रविवारी सातवेढ्यात, सातवेढ्याहून, सातवेढेकर लिहून दिलं. तिने न थांबता ‘सातवेढे’ म्हटलं आणि विचारलं, किल्ला आहे ना तो?