सात महिने काँट्रॅक्ट अकाउंट ठेवून बघितलं, माझा अनुभव

आधी सांगतो, मी काही सीए नाही, नाशकात छोटी बांधकामाची कामं घेतो. आधी हिशोब म्हणजे बँकेत आले किती, गेले किती, उरला तो नफा. मागच्या साइटला असाच 'नफा' दिसला म्हणून बुलेट घेतली आणि पुढच्याच पावसाळ्यात टेरेस गळायला लागली, दुरुस्ती खिशातून केली. मग मेव्हण्याने एक्सेलमध्ये काँट्रॅक्ट अकाउंट, म्हणजे त्या एका कामाचा वेगळा हिशोब, लावून दिलं, पाथर्डी फाट्याच्या साइटसाठी.

काम 80 लाखाचं. पहिले दोन-तीन महिने तर वैतागच आला, कारण सर्टिफाइड, म्हणजे आर्किटेक्टने मोजून पास केलेलं काम 15 लाख, म्हणजे पाव हिस्सासुद्धा नाही, तर शीटमध्ये नफा शून्य. मेव्हणा म्हणाला दाजी, पाव काम होईपर्यंत नफा धरायचाच नाही, फाउंडेशनमध्ये काय निघेल कोणाला माहीत.

आता सातव्या महिन्याचे आकडे बघा. आर्किटेक्टने सर्टिफाय केलेलं काम 50 लाख, त्यातलं 10 टक्के रिटेन्शन, म्हणजे काम टिकेल याची हमी म्हणून मालक अडकवून ठेवतो ते पैसे, कापून हातात आले 45 लाख. खर्च 45.5 लाख, पण साइटवर दीड लाखाचं स्टील-सिमेंट पडून आहे, ते वजा केलं की 44. जुन्या पद्धतीने 45 आले, 45.5 गेले, म्हणजे अर्धा लाख तोटा! तसा तो नाहीये. शेवटचा स्लॅब माप घेऊन गेल्यानंतर टाकला, तो अनसर्टिफाइड, 2 लाख. इथे मी चुकलो होतो, बिलाचा रेट लावून 2.6 लाख टाकलेले. जे पास झालं नाही ते फक्त खर्चाच्या किमतीलाच धरायचं, नाहीतर न झालेला नफा आत शिरतो.

म्हणजे 50 अधिक 2 वजा 44, नोशनल, म्हणजे आत्तापुरता कागदावरचा नफा 8 लाख. तो सगळा घ्यायचा नाही. काम निम्म्याच्या पुढे आहे म्हणून दोन तृतीयांश, आणि तेही जेवढे पैसे आले त्या प्रमाणात:

```
8 × 2/3 × 45/50 = 4.8 लाख
```

उरलेले 3.2 लाख राखीव. पाव ते निम्मं काम असेल तर दोनऐवजी एक तृतीयांश. तोटा दिसला तर मात्र सगळा लगेच धरायचा, त्यात कसली वाटणी नाही.

तक्रार एकच, हे एक तृतीयांश-दोन तृतीयांश आपल्या सावधगिरीचा ठोकताळा आहे, कंपनीच्या ताळेबंदाला एएस 7 या अकाउंटिंगच्या नियमाप्रमाणे काम किती टक्के झालं त्यावर नफा धरतात, त्यामुळे सीएचा आकडा वेगळा येतो आणि दोघांचं जुळत नाही म्हणून मी एक आख्खा रविवार डोकं खाजवत बसलो होतो.

आणि ते 5 लाख रिटेन्शन खर्चात टाकू नका राव, ते येणं आहे. मी त्याला वेगळा कॉलम केलाय, समोर डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष निघाला तर आपण दुरुस्त करायची मुदत, संपायची तारीख. टेरेस गळली नाही तर मिळेल.