पीएफ कापला, पण भरलाच नाही : १४ महिने, ५०,४०० रुपये

मूळ पगार १५,०००. त्यातून दरमहा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये पीएफ कापला, स्लिपवर तसा आकडाही छापला. १४ महिन्यांनी पासबुक उघडलं तर त्या काळातली एकही नोंद नाही! २५,२०० रुपये आपल्या पगारातले आणि तेवढेच मालकाने त्याच्या खिशातून भरायचे. ५०,४०० रुपयांचा चुना. स्लिपवर कपात दिसत असताना कोण कशाला शंका घेईल?

तरी एक खूण होती, आणि तीच जिव्हारी लागते. पैसे जमा झाले की मोबाइलवर मेसेज येतो. तो यायचा बंद झाला, तेव्हाच जाब विचारायला हवा होता. जानेवारीच्या पगाराचा पीएफ १५ फेब्रुवारीपर्यंत भरावा लागतो. मार्च उजाडला तरी नोंद नसेल, तर "पासबुक अपडेट व्हायला वेळ लागतो" या एचआरच्या उत्तरावर विसंबू नका. ईपीएफओच्या साइटवर Establishment Search मध्ये कंपनी शोधा. कोणत्या महिन्याचा भरणा झाला आणि किती जणांचा, दोन्ही दिसतं. संख्या नीट बघा, कारण काही मालक मोजक्या लोकांचा भरतात आणि बाकीच्यांचा गिळतात.

स्लिपा आजच उतरवून घ्या. नोकरी सुटली की कंपनीचं लॉगिन बंद होतं आणि पुरावाही जातो. सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि नेमणूकपत्र ठेवा.

मग epfigms.gov.in वर तक्रार करा. "पीएफ मिळाला नाही" असं मोघम लिहू नका. महिना, कापलेली रक्कम आणि पासबुकातली शून्य नोंद ओळीने मांडा. आणि इथून खरा संताप सुरू होतो. "मालकाला पत्र पाठवले आहे" एवढं एक वाक्य लिहून पीएफ कार्यालय तक्रार निकाली काढतं! पत्राने पैसे जमा होतात का? थकबाकी ठरवायला चौकशी लावण्याचा, मालकाकडून व्याज आणि दंड घेण्याचा, बँक खातं जप्त करण्याचा अधिकार याच कार्यालयाला आहे. तरी खेटे घालायचे ते आपणच. म्हणून क्षेत्रीय पीएफ आयुक्तांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, चौकशी लावा अशी स्पष्ट मागणी करा. उत्तर नाही आलं तर १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारा, माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय केलं? ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

पोलीस "हा पगाराचा वाद आहे" म्हणून हात झटकतात. त्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ दाखवा. पगारातून कापलेला पीएफ अप्रामाणिकपणे न भरणं हा त्यात विश्वासघाताचा गुन्हा धरला आहे.

नोकरी सोडली असेल तर घाईने स्वतः Mark Exit, म्हणजे ईपीएफओच्या साइटवर नोकरी सोडल्याची नोंद, करू नका. तिथे शेवटचा भरणा ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली तारीख टाकता येते. म्हणजे बुडवलेले १४ महिने तुम्ही नोकरीत नव्हताच, असं तुमच्याच हाताने लिहून दिल्यासारखं होतं.