रात्रीचे बारा की गाडी घेतल्याची वेळ? भाड्याच्या गाडीचे दिवस कसे मोजतात

माझा मावसभाऊ कोथरूडला राहतो. शुक्रवारी रात्री निघायचं, गुहागरला दोन दिवस राहायचं आणि रविवारी रात्री परत, असा त्याचा बेत आहे. बरोबर वहिनी, मुलगी आणि मावशी. सेल्फ ड्राइव्ह गाडी घ्यावी की ड्रायव्हरसकट, एवढंच त्याला विचारायचं होतं. दोघांचे दर त्याने काढून ठेवले होते आणि दरावरून त्याला दोन्ही जवळपास सारखंच वाटत होतं. मी काही वर्षं पुण्यातल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात ड्यूटी स्लिपवरून बिलं बनवली आहेत. त्याला म्हटलं, दर नंतर बघू, आधी तुझ्या सहलीचे दिवस किती ते मोज. कारण ही दोन्ही माणसं ‘दिवस’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात.

ड्रायव्हरसकट बाहेरगावी जाणारी गाडी सहसा तारखेवर चालते. रात्री बाराला दिवस बदलतो. शुक्रवारी रात्री नऊला निघालात तर शुक्रवारचे ते तीन तास म्हणजे एक पूर्ण दिवस. सेल्फ ड्राइव्हवाल्याचं घड्याळ तुम्ही गाडी घेतली तिथून सुरू होतं. शुक्रवारी रात्री नऊला घेतली तर शनिवारी रात्री नऊला पहिला दिवस संपतो आणि रविवारी रात्री नऊला दुसरा. मधल्या मध्यरात्री त्याच्या हिशोबात येतच नाहीत.

दोन्ही पद्धतींत फरक कधी पडतो, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तारखा आणि वार सोडून द्या, फक्त घड्याळाच्या दोन वेळा शेजारी ठेवा: गाडी घेतल्याची आणि परत केल्याची. परत करायची वेळ घेतल्याच्या वेळेनंतरची असेल, म्हणजे सकाळी सहाला घेतली आणि कुठल्याही दिवशी रात्री दहाला दिली, तर दोन्ही पद्धतींत दिवस तेवढेच भरतात. परत करायची वेळ आधीची किंवा तीच असेल, म्हणजे रात्री नऊला घेतली आणि संध्याकाळी सातला दिली, तर चोवीस तासांच्या हिशोबात बरोबर एक दिवस कमी लागतो. सहल दोन दिवसांची असो वा दहा, फरक एका दिवसापलीकडे जात नाही, आणि चोवीस तासांच्या मोजणीत दिवस तारखांपेक्षा जास्त कधीच होत नाहीत. त्यामुळे भल्या पहाटे निघून रात्री परतणाऱ्याला या पद्धतीचा काहीच फायदा नाही. फायदा होतो तो रात्री निघणाऱ्याला.

आता भावाचा हिशोब मांडतो. दर समजण्यासाठी धरलेले आहेत, त्या जागी तुमचे घाला. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड असं जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून 640 किलोमीटर मानू. टोल दोन्हीकडे तेवढाच, म्हणून सोडून देतो.

ड्रायव्हरसकट गाडी: किलोमीटरला 14 रुपये, दिवसाला किमान 300 किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला 400. शुक्रवारी रात्री नऊला निघून रविवारी रात्री साडेदहाला परत, म्हणजे तारखा तीन. किमान किलोमीटर झाले 900. गाडी पळाली 640, पण पैसे 900 चे: 12,600. भत्ता तीन दिवसांचा 1,200. एकूण 13,800.

सेल्फ ड्राइव्ह: चोवीस तासांना 2,400, वरच्या प्रत्येक तासाला 300. शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी रात्री साडेदहा म्हणजे साडेएकोणपन्नास तास. वरच्या खुणेप्रमाणे इथेही तिसरा दिवस लागला असता, पण हा वरचे तास सुटे मोजतो: दोन दिवसांचे 4,800, वरचा दीड तास दोन तास म्हणून धरला जातो, त्याचे 600. पेट्रोल आपलं, लिटरला सोळा किलोमीटर आणि 105 रुपये धरले तर 4,200. एकूण 9,600. म्हणजे 4,200 रुपयांचा फरक, आणि तो जवळजवळ सगळा शुक्रवारच्या त्या तीन तासांनी पाडलेला.

मग तोच प्रवास शनिवारी पहाटे पाचला सुरू करून बघितला. ड्रायव्हरसकट गाडीच्या तारखा झाल्या दोन, किमान किलोमीटर 600. प्रत्यक्षात 640 पळाली, म्हणजे 8,960. भत्ता 800. एकूण 9,760. सेल्फ ड्राइव्हला साडेएकेचाळीस तास होतात, दिवस दोनच: 4,800 आणि पेट्रोल 4,200, एकूण 9,000. आता फरक उरला 760 रुपयांचा. एवढ्या पैशांत दुसरं कुणी कुंभार्ली घाट चालवणार असेल, तर मी ड्रायव्हर घेईन. त्याउलट रात्रीच निघायचं ठरलं असेल, तर तारखेवरची गाडी फार महाग पडते.

काही जण इथे एक युक्ती करतात: गाडीला रात्री सव्वाबाराला बोलवायचं, म्हणजे तारीख बदललेली असेल. पण बरेच ट्रॅव्हल्सवाले ‘गॅरेज टू गॅरेज’ मोजतात. गाडी हडपसरहून सुटणार असेल तर कोथरूडला सव्वाबाराला पोचण्यासाठी ती साडेअकराच्या सुमारास गॅरेजबाहेर पडलेली असते, आणि ड्यूटी स्लिपवर तीच वेळ आणि तीच तारीख येते. अर्ध्या तासासाठी तीनशे किलोमीटरचं किमान भाडं लागू होतं. परतीलाही तेच: तुम्ही घरी पावणेबाराला उतरलात, पण गाडी गॅरेजला साडेबाराला लागली, तर आणखी एक तारीख. मी स्वतः अशी बिलं बनवली आहेत आणि त्यावरून फोनवर झालेली भांडणंही ऐकली आहेत. ग्राहक खोटं बोलत नसे आणि स्लिपही खोटी नसे. बुक करताना हा प्रश्न कुणी विचारलेला नसायचा, एवढंच. म्हणून ‘दिवस तुमच्या गॅरेजपासून धरता की माझ्या दारापासून?’ हे आधी विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या.

चोवीस तासांच्या पद्धतीतही खाचखळगे आहेत, आणि ते सगळे शेवटच्या दोन तासांत येतात.

पहिली गोष्ट, घड्याळ नेमकं कधी सुरू झालं? काहींकडे तुम्ही बुकिंगमध्ये टाकलेल्या वेळेपासून, काहींकडे किल्ली हातात पडल्यापासून. नऊचं बुकिंग असताना सिंहगड रोडच्या गर्दीत अडकून सव्वादहाला पोचलात, तर पहिल्या पद्धतीत सव्वा तास वाया गेला. गाडी परत करायची वेळ नऊच राहते. दुसऱ्या पद्धतीत उलटा घोटाळा होतो. लवकर पोचलो म्हणून खुशीत साडेआठलाच गाडी घेतली, तर परतीची वेळही साडेआठवर येते, आणि आपल्या डोक्यात मात्र नऊ पक्के बसलेले असतात. करारावर परतीची तारीख आणि वेळ छापलेली असते. ती वाचा आणि मोबाइलमध्ये तिचाच गजर लावा.

दुसरी गोष्ट सवलतीच्या मिनिटांची. समजा अर्धा तास उशीर माफ आहे. लोकांना वाटतं, नऊची वेळ साडेनऊ झाली. तसं सहसा नसतं. नऊ पंचवीसला पोचलात तर काही लागत नाही. पण नऊ चाळीसला पोचलात तर मोजणी साडेनऊपासून होत नाही, पुन्हा नऊपासून होते, आणि ती चाळीस मिनिटं एक पूर्ण तास ठरतात. शिवाय गाडी लावली ती वेळ धरत नाहीत. त्यांचा माणूस येतो, ओरखडे बघतो, पेट्रोलचा काटा बघतो, क्लोजिंग किलोमीटर टिपतो आणि नोंद करतो, ती वेळ धरतात. रविवारी रात्री सगळेच परतत असतात, त्यामुळे पुढे तीन गाड्या उभ्या असल्या तर तुमची सवलत तिथेच संपते. पोचल्याबरोबर मीटरचा आणि गाडी लावलेल्या जागेचा फोटो काढून लगेच त्यांना पाठवा. मेसेजची वेळ हाच तुमच्या हातातला पुरावा.

तिसरी गोष्ट, वरचा तास खरोखर केवढ्याला पडतो. मी वर 300 धरले, आणि आठ तासांत पूर्ण दिवसाचे 2,400 भरतात. त्यापुढे तासाचे पैसे वाढत नाहीत, कारण दिवसच लागतो. पण काही ठिकाणी ही तासांची सोयच नसते. सवलत संपली की सरळ तिसरा दिवस. तसं असेल तर भावाच्या दीड तासाला 600 ऐवजी 2,400 पडतील आणि एकूण रक्कम 11,400 होईल. आणखी एक रक्कम आहे जी कुणी बघत नाही: नुकसान झाल्यास आपल्यावर येणारा खर्च मर्यादित ठेवणारं जादा संरक्षण. ते घेतलं असेल तर ते बहुधा दिवसावर असतं, तासावर तुटत नाही. दिवसाला 350 असेल तर एका जादा तासाला 300 अधिक 350 असे 650 जातात. वरच्या तासांचं भाडं आणि उशिराचा दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ संपायच्या आत मुदत वाढवून घेतली तर वरच्या तासांचं भाडं लागतं. न सांगता उशीर केला तर त्याशिवाय दंड. आणि तुमच्या मागे त्याच गाडीचं दुसरं बुकिंग असेल तर मुदत वाढतच नाही. म्हणून वाटेत साताऱ्याला चहाला थांबाल तेव्हाच अंदाज घ्या. तिथून पुढे खंबाटकी, खेड शिवापूर आणि पुण्यात शिरतानाची गर्दी आहे. रविवारी संध्याकाळी या टप्प्याला नेहमीच्या वेळेत मी तरी एक तास जास्तच धरतो.

याच कारणासाठी, रात्रीच गाडी घ्यायची असेल तर घाईने नऊला घेऊ नका. परत साडेदहाला येणार असाल तर अकराला घ्या. साडेसत्तेचाळीस तास होतात, दोन दिवसांत बसतात आणि अर्धा तास हातात राहतो. फक्त त्यांचा माणूस अकराला हजर असतो का, ते विचारून ठेवा. पण आठवडाभर ऑफिस करून अकराला गाडी घ्यायची आणि रात्रभर घाट उतरायचा, हे मला पटत नाही. अकराला घेतलेली गाडी दारात लावून झोपा आणि पहाटे निघा; ते तास दोन दिवसांतच धरलेले आहेत, वेगळे पैसे पडत नाहीत.

भावाला हे सगळं सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो मावशीच्या गुडघ्यांचा: वाटेत चार वेळा थांबावं लागेल. मग ठरलं, शनिवारी पहाटे पाचला, ड्रायव्हरसकट. त्याने ट्रॅव्हल्सला पाठवलेला मेसेज असा: ‘शनिवार पहाटे 5 ते रविवार रात्री साडेदहा. दोन दिवस, किमान 600 किलोमीटर, भत्ता दोन दिवसांचा. दिवस गॅरेजपासून की दारापासून? रविवारी रात्री बारानंतर गाडी गॅरेजला लागली तर तिसरा दिवस धरणार का?’ उत्तर आलं: गॅरेजपासूनच, पण गाडी वारज्यातली देऊ, साडेदहाला सोडलंत तर बाराच्या आत लागते. त्याने परतीची वेळ साडेदहाऐवजी दहा करून बुकिंग पक्कं केलं.