पाण्याला पक्का, उन्हाला कच्चा : झेंडू, कांदा आणि डाळिंबाच्या सालीच्या रंगांचा आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्याला सुरू केलेलं, आता मे संपत आला, म्हणजे आठ महिने धरा. मधे बऱ्याच जणींनी विचारलं की घरी रंगवलेलं कापड टिकतं का, तेव्हा मी उत्तर द्यायचं टाळलं कारण तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. आता सांगते.

कारण असं झालं की एका प्रदर्शनातून मी पिवळीधम्मक कॉटनची ओढणी आणलेली, 'फुलांपासून रंगवलेली' म्हणून. महिन्याभरात खांद्यावर जिथे ऊन लागायचं तिथे पांढरट पट्टा. आणि धुताना साबण लागला की पाणी लालसर व्हायचं, त्यावरनं कळलं की फुलंबिलं काही नाही, हळद आहे. हळद सोडा-साबणात लाल होते हे आपल्याला वरणाचे डाग धुताना माहितीच असतं, पण विकत घेताना डोकं चालत नाही ना. मग म्हटलं स्वतःच करून बघू.

मी नाशिकची, त्यामुळे कांद्याच्या सालींना तोटा नाही. डाळिंबाची सालं कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्या दादांकडनं, ते आधी हसले, मग रोज पिशवी बाजूला ठेवायला लागले. झेंडू दसऱ्यानंतरचा, सोसायटीतल्या सगळ्या दारांची तोरणं आणि गाड्यांचे हार गोळा केले. जास्वंद दारातली. कापड म्हणजे साधं मांजरपाट, पाच तुकडे, प्रत्येकी साधारण १०० ग्रॅम.

पहिला प्रयत्न सरळ फसला. व्हिडिओ बघून कापड मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात ठेवलं, झेंडूत उकळलं, रंग इतका सुंदर आला की मी फोटो टाकून मोकळी झाले. तीन धुण्यांत तो लिंबूटिंबू पिवळा झाला आणि पाचव्यात जवळजवळ गेलाच. मीठ-व्हिनेगरने सुती कापडावर हे रंग पक्के होत नाहीत, हे आता मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. लोकर आणि रेशीम तुरटी चांगली धरतात, सूत तसं धरत नाही, त्याला मधे काहीतरी पकडायला लागतं. आपल्याकडचे जुने रंगारी त्यासाठी हिरडा वापरतात, कच्छमधल्या अजरख छपाईच्या कामातही कापड आधी हिरड्यातच बुडवतात. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरट चव देणारं द्रव्य, सुताला चिकटतं, टॅनिनला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. अशी साखळी आहे, मधली कडी नसेल तर बाकीचं वाहून जातं.

दुसऱ्यांदा नीट केलं. पाचही तुकडे, म्हणजे अर्धा किलो कापड, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साधा लिक्विड साबण टाकून दीड तास उकळलं. कापड दिसायला पांढरंस्वच्छ होतं पण पाणी पार चहासारखं झालं. ती खळ आणि कपाशीतला मेणचटपणा निघाला. झालं की नाही ते बघायला कोरड्या कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा, लगेच पसरला तर झालं, मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळा. मग १०० ग्रॅम हिरडा पावडर कोमट पाण्यात, कापड रात्रभर त्यात, सकाळी पिळून सावलीत वाळवलं (खळखळून धुवायचं नाही!). कापड फिकट खाकी होतं, घाबरू नका. मग १०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात अगदी थोडा थोडा करत १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, एकदम टाकलात तर फेस भसकन ओट्यावर येतो, माझ्या आलाय. कापड त्यात एक रात्र, मग वाळवून दोन दिवस तसंच ठेवलं आणि रंगवायच्या आधी साध्या पाण्यातनं काढलं. भांडं यासाठी वेगळंच ठेवा, स्वयंपाकाचं नको.

झेंडूच्या नुसत्या पाकळ्या घेतल्या, हिरवे देठ-बिठ आले की रंग मळका येतो. वाळलेल्या पाकळ्या १०० ग्रॅम, डाळिंबाची वाळलेली सालं १०० ग्रॅम, कांद्याची ५० ग्रॅमच, कारण ती रंग फार सोडतात. तासभर मंद आचेवर, गाळून मग कापड एक तास आणि रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ दिलं. झेंडूचा गडद सोनेरी, कांद्याचा तांबूस केशरी, अगदी बघत राहावा असा, डाळिंबाचा मोहरीसारखा पिवळा, जास्वंदीचा करडट जांभळा. पाचवा तुकडा न रंगवता नुसता हिरडा-तुरटीचाच ठेवला. सासूबाई म्हणाल्या हा कशाला वाया घालवलास, पण पुढे सगळ्यात जास्त शिकवलं ते त्याच तुकड्याने.

प्रत्येक कापडाच्या तीन पट्ट्या केल्या. एक कपाटात अंधारात, तुलनेसाठी. दुसरी धुण्यासाठी, तिला पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवून टाकला, म्हणजे रंग दुसऱ्या कपड्याला लागतो का ते दिसतं. तिसरी पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला, अर्ध्या भागावर काळा कार्डपेपर घट्ट चिकटवून. रोज बघितलं तर फरक कळत नाही, डोळा सवयीचा होतो, पण कार्ड उचललं की मधली रेघ खोटं बोलत नाही.

धुण्याचं आधी सांगते. वीस धुणी केली, हाताने, गार पाण्यात, सौम्य लिक्विडने. कांदा इथे एकदम पहिला नंबर, पहिल्या दोन धुण्यांत थोडं तपकिरी पाणी गेलं आणि नंतर जवळपास काहीच नाही, शिवलेला पांढरा तुकडा पांढराच. डाळिंब त्याच्या बरोबरीला. झेंडू पहिल्या चार-पाच धुण्यांत उतरला, मग तिथेच थांबला, आणि तो उतरलेला रंगही छान आहे खरं तर. जास्वंद तिसऱ्याच धुण्याला गेली. साबण लागल्या लागल्या हिरवट झाली, मग काहीतरी राखाडी-पिवळं उरलं, मी म्हटलं चला निदान काहीतरी टिकलं. तेव्हा पाचव्या तुकड्याशेजारी धरून बघितलं तर डिट्टो तोच रंग! म्हणजे जे टिकलं ती जास्वंद नव्हतीच, खालचा हिरडा होता. जास्वंद, गोकर्ण, बीट असले रंग 'पक्के झाले' म्हणून जे फोटो दिसतात त्यात हिरड्याची कोरी पट्टी शेजारी ठेवा आणि मग बोला.

झेंडूची आणि कांद्याची एकेक जादाची पट्टी नेहमीच्या पावडरीसोबत मशीनमध्ये टाकून बघितली. झेंडूचा रंग जरा केशरीकडे झुकला, कांद्याचा विटकरी झाला. पावडर अल्कली असते, त्यामुळे रंग गेला नाही पण बदलला. उलट आंबट लागलं की फिकट होतो, जेवताना लिंबाचा थेंब झेंडूच्या ओढणीवर पडला तिथे अजून फिकट ठिपका आहे.

आता ऊन. इथे सगळं उलटंपालटं झालं आणि मला हेच सांगायचंय, की धुण्यात टिकला म्हणजे उन्हात टिकेल असं अजिबात नाही. धुण्याला टिकणं त्या हिरडा-तुरटीच्या पकडीवर आहे, पण उन्हात रंगाचा कणच तुटतो, पकड कितीही घट्ट असली तरी पकडलेली वस्तूच मोडली तर काय करणार. हळदीची एक पट्टी मुद्दाम लावलेली, तिची रेघ तिसऱ्या दिवशी दिसली. कांदा, धुण्यातला पहिला नंबर, दोन आठवड्यांत रेघ आणि महिन्याभरात तांबूस केशरीचा चक्क फिका बिस्किटी रंग. आणि हे डिसेंबरच्या उन्हात बरं का, एप्रिलमध्ये नवीन पट्टी लावली तर ती आठवड्याभरातच तिथे पोचली. झेंडू मधला, महिन्याने सोनेरीचा मळकट पिवळा, पण पिवळा म्हणता येईल असा. डाळिंबाला महिन्याने रेघ शोधावी लागत होती, आणि गंमत म्हणजे उघडा भाग फिका नाही, किंचित गडद, तपकिरीकडे गेलेला. कोरा हिरड्याचा तुकडाही तसाच जरा काळपटला होता. म्हणजे टॅनिनवाले रंग उन्हात उडण्याऐवजी थोडे मुरतात.

डाळिंबाच्या सालीत टॅनिन स्वतःचंच भरपूर असतं, म्हणून नंतर एकदा हिरडा न लावता फक्त तुरटीवर केलं, आणि ते पण धुण्यात चांगलं राहिलंय. ज्यांना हिरडा मिळत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

मग हिराकसचा प्रयोग. हा लोखंडाचा क्षार, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. रंगवलेलं ओलं कापड हिराकसच्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत पिवळ्याचं शेवाळी, मग राखाडी होतं, जादूच वाटते. डाळिंब-हिराकस ही माझी सगळ्यात पक्की पट्टी, उन्हात आणि धुण्यातही, पाच महिने खिडकीत आहे आणि रेघ अजून नाही. कांद्यावर हिराकस घातला तर तोही बराच तगतो पण मग केशरी राहत नाही, तपकिरी होतो, म्हणजे ज्यासाठी कांदा घेतला तेच गेलं.

पण हिराकस मापूनच. १०० ग्रॅम कापडाला १ ते २ ग्रॅम, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्यातनं काढायचं. मी पहिल्यांदा अंदाजाने चमचाभर टाकला. रंग मस्त गडद आला, मीही खूश, आणि चार महिन्यांनी तो रुमाल घडीवरच टर्रकन फाटला, जुन्या वर्तमानपत्रासारखा. लोखंड जास्त झालं की सूत कुजतं, आणि हे लगेच दिसत नाही, म्हणून जास्त फसवं आहे.

लोखंडाचीच अजून एक भानगड. झेंडूची तीन मीटरची चांगली ओढणी रंगवून ओलीच गॅलरीतल्या तारेवर टाकली, तार गंजलेली, आणि बरोबर मधोमध काळपट हिरवी आडवी रेघ उमटली. लिंबू लावलं तर रेघ थोडी गेली आणि आजूबाजूचा पिवळाही गेला. शेवटी सगळीच ओढणी पातळ हिराकसमध्ये बुडवून शेवाळी केली, आता लोक विचारतात कुठून घेतली.

आता घरात काय वापरात आहे तर पडद्यांना फक्त डाळिंब-हिराकस. कुर्ता डाळिंबाचा, उलटा करून सावलीत वाळवते. झेंडूच्या ओढण्या आहेत, पण त्या दरवर्षी दसऱ्यानंतर परत एकदा रंगात बुडवायच्या हे धरूनच चालते, जुन्या तुरटीवर रंग पुन्हा बऱ्यापैकी बसतो असं एका ओढणीवर करून पाहिलंय. कांद्याचा केशरी मला अजून सगळ्यात आवडतो, म्हणून त्याचे उशीचे अभ्रे केलेत, आतल्या खोलीत, जिथे ऊन येत नाही. आणि गॅलरीत आता नायलॉनची दोरी आहे.