बिलात 13,500 रुपयांचं ग्राफिक्स, कॅबिनेटमध्ये कार्डच नाही

बिलावरची ओळ अशी होती: ‘ग्राफिक्स 4 जीबी – 13,500 रुपये’. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. माझा भाचा निनाद इथेच इंदूरला रामबागेत राहतो, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री मित्रांबरोबर थोडंफार गेमिंग. त्याने शहरातल्या एका दुकानातून पीसी असेंबल करून घेतला: रायझन 5 5600जी प्रोसेसर, 16 जीबी रॅम आणि हे ‘चार जीबी ग्राफिक्स’. दुकानदाराने त्याच्यासमोर विंडोजमधलं माहिती दाखवणारं `dxdiag` उघडून दाखवलं होतं. `Display Memory (VRAM)` पुढे साधारण 4000 एमबी असा आकडा होता. आकडा खरा होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड मात्र नव्हतंच.

5600जी या प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वापरतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, `UMA Frame Buffer Size` नावाचा पर्याय असतो. तिथे 4 जीबी निवडलं की तेवढी रॅम ग्राफिक्ससाठी बाजूला काढली जाते आणि विंडोज तिला ‘डेडिकेटेड’ मेमरी म्हणून दाखवतं. सोय म्हणून दिलेला हा पर्याय दुकानदाराने विकायला वापरला. म्हणजे रॅमचे पैसे घेतले, आणि त्याच रॅमचा तुकडा पुन्हा साडेतेरा हजाराला विकला.

मला संशय आला तो सिस्टिमच्या पानावरून. तिथे 16 जीबी रॅमपैकी जेमतेम 12 वापरता येते असं दिसत होतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर `Hardware reserved` चार जीबीच्या वर होतं, आणि जीपीयूचं नाव नुसतं `AMD Radeon(TM) Graphics`. वेगळं कार्ड असतं तर नावात मॉडेल नंबर आला असता. मग कॅबिनेट मागून पाहिलं. मॉनिटरची एचडीएमआय वायर वर, यूएसबीच्या शेजारी खोचलेली. कार्डाचे पोर्ट त्याखाली आडव्या पट्ट्यांच्या जागी असतात, आणि त्या सगळ्या पट्ट्या कोऱ्या, बंद. स्क्रूवर ‘खोलल्यास वॉरंटी नाही’चं स्टिकर होतं, पण एवढं ओळखायला कॅबिनेट उघडायची गरजच पडली नाही.

आता कुणी म्हणेल, चार जीबी ती चार जीबी, फरक काय? फरक मेमरीच्या वेगाचा आहे. 3200 ची डीडीआर4 रॅमची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी डेटा देते, तोही प्रोसेसर आणि ग्राफिक्सने वाटून घ्यायचा. जीटीएक्स 1650 सारख्या साध्या कार्डावरच्या मेमरीचा वेग, जुन्या जीडीडीआर5 मॉडेलमध्येसुद्धा, सेकंदाला 128 जीबी असतो. निनादला तर दोन स्टिकऐवजी 16 जीबीची एकच स्टिक दिली होती. त्यामुळे व्हॅलोरंट चालायचं, पण जीटीए 5 च्या सेटिंग जरा वाढवल्या की अडखळायचं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं फुल एचडी कटिंग ठीक व्हायचं. 4के टाइमलाइनवर रंगाचे चार-पाच नोड चढवले की `Your GPU memory is full` हा निरोप यायचा.

प्रोसेसरमधलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स वाईट असतं असं मी म्हणत नाही. फोनवरचे फुल एचडी व्हिडिओ जोडायला ते पुरतं, दुसरी स्टिक टाकली तर मेमरीचा वेग दुपटीपर्यंत जातो. राग आहे तो नसलेल्या वस्तूचे पैसे घेतल्याचा.

दुकानात गेलो तर गडी शांत. “भिया, स्क्रीन पे चार जीबी लिखा है ना? तो फिर?” मी बिलावर बोट ठेवून म्हटलं, याच किमतीचं कार्ड काढून हातात द्या. मग त्याने सॉफ्टवेअर, ड्रायव्हर असले बरेच शब्द वापरले. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर त्याच्यासमोर फोनवर टाइप केला, तेव्हा आवाज उतरला.

तडजोड म्हणून त्याने काढलं ते आरएक्स 6400. हे खरोखर 4 जीबीचं कार्ड, पण व्हिडिओवाल्याच्या गळ्यात मारायला अगदी सोयीचं! त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे एक्सपोर्टचं काम त्या कार्डाकडून होणार नाही. शिवाय कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाच्या ते चारच लेन वापरतं आणि 5600जी त्या मार्गाच्या जुन्या, संथ 3.0 पिढीवरच थांबतो, त्यामुळे कार्डाची मेमरी भरली की वेग आणखी पडतो. आम्ही नको म्हटलं.

शेवटी फरकाचे थोडे पैसे देऊन जीटीएक्स 1650 घेतलं. बिलावर कंपनी, पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि कार्डावरचा सीरियल नंबर लिहून घेतला, कार्ड आमच्यासमोर बसवलं आणि वायर त्याच्याच पोर्टात लावली. बायोसमधला तो पर्याय `Auto` वर आणला, तशी अडकलेली रॅम निनादला परत मिळाली.